‘सॅमेने’ची षष्ठी आणि माझी एक चूक

जुन्या स्लाव्होनिक भाषेवरच्या माझ्या लेखावर एका वाचकाने लिहिलंय:

*‘पेरणारा बी पेरायला निघाला’ या ओळीत तुम्ही ‘सॅमेने’ला षष्ठी म्हटलंय. पेरणे हे सकर्मक क्रियापद आहे, त्याचं कर्म द्वितीयेतच येणार. मी दोन वर्षं रशियन शिकलोय, त्यांच्या बायबलमध्ये इथे सरळ ‘सेम्या’ आहे. नकलनविसाची चूक तुम्ही नियम म्हणून शिकवताय. शिवाय ‘एओरिस्ट म्हणजे पूर्ण, इम्परफेक्ट म्हणजे अपूर्ण’ असं लिहून काळ आणि आस्पेक्ट यांची खिचडी केलीत. नवशिक्यांनी यातून काय घ्यायचं?*

दुसरा मुद्दा मान्य. ते वाक्य घाईत लिहिलं होतं आणि ते चूक आहे. त्याकडे शेवटी येते. पहिल्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. आधी ओळ पुन्हा समोर ठेवू. लूकच्या शुभवर्तमानातलं 8:5, मारियानुस नावाच्या, ग्लागोलिती लिपीतल्या जुन्या स्लाव्होनिक हस्तलिखितात आहे तसं:

इझिदे सॅयेंइ सॅयातु सॅमेने स्वोयेगो. इ येग्दा सॅयाशे, ओवो पादे प्री पोंती.

‘पेरणारा आपलं बी पेरायला निघाला. आणि तो पेरत असताना काही वाटेच्या कडेला पडलं.’ (‘सॅयातु’मधला शेवटचा उ अगदी ओझरता, जेमतेम ऐकू येईल इतका.)

‘बी’ या शब्दाची प्रथमा आणि द्वितीया एकच, ‘सॅमें’. षष्ठी ‘सॅमेने’. संस्कृतात ‘नाम’चं ‘नाम्नः’ होताना लपलेला न जसा बाहेर येतो, तसाच इथेही येतो. आता एखाद्या नकलनविसाच्या हातून ‘सॅमें’चं ‘सॅमेने’ झालं असेल, असं घटकाभर धरू. मग शेजारचा शब्द बघा. द्वितीया असती तर ‘आपलं’साठी ‘स्वोये’ आलं असतं. आलंय ‘स्वोयेगो’, म्हणजे षष्ठी. लागोपाठ दोन शब्द एकमेकांशी जुळवून घेऊन चुकत नाहीत. रशियनमध्ये सजीव पुल्लिंगी नामांची द्वितीया षष्ठीसारखी दिसते, ती पळवाटही इथे नाही, कारण बी नपुंसकलिंगी आहे.

मग ही षष्ठी आली कुठून? ‘सॅयातु’मुळे. हा शब्द तुम्ही रशियन ‘सेयात्य’ समजून वाचलात असं दिसतं. पण साधा इन्फिनिटिव ‘सॅयाती’, शेवटी ‘ती’. इथे ‘तु’ आहे. हे वेगळं रूप आहे, त्याला सुपाइन म्हणतात. ‘गेला’, ‘आला’, ‘पाठवलं’ अशा हालचालीच्या क्रियापदांनंतर ‘कशासाठी’ हे सांगायला ते येतं. आपलं ‘पेरायला निघाला’ नेमकं हेच करतं. आणि सुपाइनचं कर्म जुन्या स्लाव्होनिकमध्ये षष्ठीत जातं. ‘सॅयाती’बरोबर ‘सॅमें’, ‘सॅयातु’बरोबर ‘सॅमेने’.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना हा ‘तु’ ओळखीचा वाटायला हवा. कर्तुम्, दातुम्, गन्तुम् यांतला तुम् तोच. स्लाव्हिकमध्ये शेवटचा म् गळाला आणि उ आखडला. मुळात हे क्रियेचं नाम होतं, आणि नामाला षष्ठी सहज चिकटते. आपणही ‘बियांची पेरणी’ म्हणतो, ‘बियांना पेरणी’ नाही. गंमत म्हणजे पाणिनीलाही कृदन्ताच्या कर्माला षष्ठी सांगावी लागली (2.3.65), आणि पुढे तुमन्त अव्ययांना त्यातून वगळावं लागलं (2.3.69). संस्कृतने तुम्‌ला द्वितीया ठेवली, स्लाव्होनिकने षष्ठी.

ही ग्रीकची नक्कल असेल का, हा प्रश्न रास्त आहे, कारण नवव्या शतकातला हा अनुवाद ग्रीकच्या पावलावर पाऊल टाकून चालतो. पण ग्रीकमध्ये इथे ‘बी’ स्वच्छ द्वितीयेत आहे. षष्ठी अनुवादकांच्या स्वतःच्या भाषेतली आहे. ‘स्वोयेगो’चंही तेच. ग्रीकमध्ये ‘त्याचं बी’ आहे, स्लाव्होनिकमध्ये ‘आपलं बी’. मराठीतही आपण इथे ‘त्याचं’ म्हणणार नाही.

तुमची रशियन ओळ चुकीची नाही, ती फक्त खूप नंतरची आहे. रशियनमधून सुपाइन गेलं, त्याच्याबरोबर त्याची षष्ठीही गेली. मधला टप्पा नंतरच्या चर्च स्लाव्होनिक बायबलमध्ये सापडतो. तिथे क्रियापद साध्या ‘ती’वर आलंय, पण ‘सेमेने’ अजून षष्ठीतच उभं आहे. घरमालक गेला, भाडेकरू राहिला.

नवशिक्यांसाठी इथला खरा खड्डा वेगळाच आहे, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. ‘सॅयेतु’ म्हणजे ‘तो पेरतो’ आणि ‘सॅयातु’ म्हणजे ‘पेरायला’. दोन्हींच्या शेवटी तोच ‘तु’, फरक एका स्वराचा. मी पहिल्यांदा ही ओळ ‘पेरणारा निघाला, पेरतो...’ अशी वाचली आणि मग षष्ठीपाशी अडकून बसले. कर्म षष्ठीत दिसलं की आधी वाक्यात नकार आहे का ते बघा, कारण नकारातही कर्म षष्ठीत जातं. नकार नसेल तर मागे हालचालीचं क्रियापद शोधा. इथे ‘इझिदे’ पहिलाच शब्द आहे.

आता माझी चूक. या भाषेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, म्हणजे काळ, क्रियापदाच्या शेवटाला दिसते: ‘सॅयाशे’ हा इम्परफेक्ट, ‘पेरत होता’, ‘पादे’ हा एओरिस्ट, ‘पडलं’. दुसरी, म्हणजे आस्पेक्ट, धातूतच असते, बहुधा उपसर्गाने येते. याच वचनात पुढे पाखरं ते बी टिपतात, तिथे ‘पोझोबाशें’ आहे. ‘झोबाती’ म्हणजे टिपणे, ‘पो’ लागला की टिपून टाकणे, काही शिल्लक न ठेवता. मराठीत ‘टिपत होती’ आणि ‘टिपलं’ यांतला फरक पहिल्या जातीचा, ‘टिपलं’ आणि ‘टिपून टाकलं’ यांतला दुसऱ्या.

या वचनात दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. पेरणं अपूर्ण धातूचं आणि इम्परफेक्टमध्ये, पडणं पूर्ण धातूचं आणि एओरिस्टमध्ये. त्यामुळे मी दोन्ही एकच समजून लिहून गेले. पण लूक 13:26 मध्ये लोक म्हणतात, ‘तुझ्यासमोर आम्ही प्यायलो’, आणि तिथे ‘पिहोमु’ आहे: उपसर्ग नसलेला, अपूर्ण ‘पिती’ धातू, तरी रूप एओरिस्टचं. घडलेली गोष्ट एकसंध सांगितली, इतकंच. ‘पिऊन टाकलं’ असं त्यात नाही. माझ्या नियमाने हे रूप असायलाच नको होतं.

जाता जाता: ग्रीकमध्ये ‘पेरत असताना’साठी क्रियापदाचं काळ असलेलं रूपच नाही, ‘पेरण्यात’ अशा धाटणीचा इन्फिनिटिव आहे. ‘येग्दा सॅयाशे’ हे अनुवादकांनी स्वतः बांधलं, आणि तिथे त्यांनी इम्परफेक्ट निवडला. पेरणी चालू आहे, तेवढ्यात एक दाणा पडतो.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलते आहे. षष्ठी तशीच राहील.