नातवाची पदवी राहिली, तर आजोबांचं घर कुणाचं?

“मृत्युपत्रात एवढंच लिहा: ‘माझं घर नातवाला, पदवी झाल्यावर.’ रजिस्टर केलं की काम झालं. नातू शिकला तर घर त्याचं, नाही शिकला तर घर आपोआप मुलाकडे येतं, मुली मधे येऊ शकत नाहीत. वाट कितीही वर्षं बघता येते. सगळ्या आजी-आजोबांना पाठवा.”

सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा हा निरोप माझ्या मावशीच्या घरी पोचला आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं मृत्युपत्राच्या कच्च्या मसुद्यात उतरलं. सही व्हायची बाकी होती, म्हणून निभावलं. ज्यांच्या सह्या या आठवड्यात व्हायच्या असतील, त्यांनी हे वाचून मग पेन उचलावं.

सगळ्यात घातक शब्द आहे ‘आपोआप मुलाकडे’. कायद्यात असं काही नाही. एक घर धरून चालू. आजोबांचं स्वतःच्या कमाईचं घर, जुळे सोलापुरात. मागे आजी, एक मुलगा, दोन मुली. मुलाचा मुलगा एकोणीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मृत्युपत्रात घराबद्दल ते एकच वाक्य. अट पुरी झाली नाही तर घर कुणाला, हे नाही, आणि ‘उरलेली सर्व मालमत्ता अमक्याला’ असंही कलम नाही. आजोबा गेले. नातवानं कॉलेज सोडून नोकरी धरली.

आता त्या घरापुरतं मृत्युपत्रच नाही असं धरलं जातं आणि हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 लागतो. त्यातल्या पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखे वाटे: आजीला पाव, मुलाला पाव, दोन्ही मुलींना पाव-पाव. ज्या मुली ‘मधे येऊ शकत नाहीत’, त्यांच्याकडे मिळून निम्मं घर गेलं. आणि नातवाला? काही नाही. बाप हयात असताना नातू आजोबांचा पहिल्या वर्गातला वारस नसतो. बाप आधीच वारला असता, तर बापाचा वाटा त्या शाखेकडे आला असता आणि त्यात नातवाला हिस्सा मिळाला असता. मुलींना वाटा मिळणं योग्यच आहे असं माझं मत आहे, पण तो प्रश्न वेगळा. आजोबांच्या मनात जे होतं ते घडलं नाही, आणि ते एका ओळीत टाळता आलं असतं.

ती ओळ म्हणजे पर्यायी वारसाची. ‘अट पुरी न झाल्यास घर अमक्याला मिळावे’ हे लिहिलं नसेल, आणि ‘उरलेली सर्व मालमत्ता अमक्याला’ हे कलमही नसेल, तर मुलगा असो की मुलगी, घर नेमकं एकाकडे पोचवणारा दुसरा रस्ता उरत नाही.

दुसरी चूक ‘पदवी झाल्यावर’ या शब्दांत आहे, आणि ती जास्त बारीक आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 मध्ये कलम 119 आणि 120 शेजारी-शेजारी आहेत. त्यांखाली दिलेली उदाहरणं प्रत्येक मसुदा लिहिणाऱ्यानं वाचावीत. एकाला शंभर रुपये ठेवले आणि ते ‘अठरा वर्षांचा झाल्यावर द्यावेत’ असं लिहिलं, तर मृत्युपत्र करणारा वारला त्याच दिवशी त्या पैशांवर मुलाचा हक्क बसतो. फक्त हातात उशिरा पडतात. तेच ‘अठरा वर्षांचा झाला तर’ असं लिहिलं, तर अठरा पूर्ण होईपर्यंत हक्कच बसत नाही. फरक दोन-तीन शब्दांचा, परिणाम मात्र टोकाचा.

आपल्या घरावर हे लावून बघा. ‘घर मी नातवाला देतो, ताबा पदवी झाल्यावर द्यावा’ असं लिहिलं, तर आजोबा गेल्याबरोबर घर नातवाचं झालं असं म्हणायला भक्कम जागा मिळते. मग नातू अविवाहित असताना, पदवीच्या आधीच अपघातात गेला, तर घर त्याच्या वारसांकडे जातं. हिंदू पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत आई आहे, वडील नाहीत. म्हणजे पूर्ण घर सुनेकडे. आजोबांना तेच हवं असेल तर प्रश्न नाही. पण नको असेल, तर ‘पदवी उत्तीर्ण केली तरच मिळावे, एरवी नाही’ असं स्वच्छ लिहावं लागतं. ‘झाल्यावर’ हा शब्द दोन्ही बाजूंचे वकील आपापल्या बाजूला ओढू शकतात.

‘वाट कितीही वर्षं बघता येते’ हे तर वाद घरात बोलावून आणणं आहे. नातू चाळिशीत म्हणेल, मी मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करतोय, घर राखून ठेवा. आत्या म्हणतील, वाटप केव्हाच व्हायला हवं होतं. अनिश्चित घटनेवर देणगी ठेवली आणि मुदत लिहिली नाही, तर कलम 124 सांगतं की ती मालमत्ता वाटपयोग्य होण्याआधी घटना घडली पाहिजे, नाहीतर देणगी लागू होत नाही. म्हणजे मुदत न लिहिल्यानं नातवाला मोकळीक मिळते असं नाही. उलट कलम आत्यांच्या हातात जातं.

मुदत लिहिलीत, तर तिची दुसरी बाजूही कळली पाहिजे. कलम 137 प्रमाणे मुदतीच्या आत अट पुरी व्हायलाच हवी, आणि कायदा स्वतःहून वाढ देतो ती एकाच कारणासाठी: कुणी फसवणूक करून अट पुरी होऊ दिली नसेल तर. आजारपण, पुढे ढकललेल्या परीक्षा, एका विषयाचा एटीकेटी, यांना त्यात जागा नाही. सवलत हवी तर ती मृत्युपत्रातच लिहायची.

आणि पदवी म्हणजे नेमकं काय? तंत्रनिकेतनचा डिप्लोमा ही पदवी नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी घेऊन बाहेर पडता येतं. शिवाय निकाल एका तारखेला लागतो आणि पदवी प्रमाणपत्र दीक्षांत समारंभानंतर हातात येतं. मुदत या दोन तारखांच्या मधे संपली तर? मालकी मिळण्याआधीच्या अटीबाबत कलम 128 थोडं सैल आहे. अट मुख्यत्वे पाळली असेल तर चालतं, आणि नातू त्याचा आधार घेईल. पण अट मोडल्यावर घर दुसऱ्याकडे जावं असं लिहिलेलं असेल, तर त्या दुसऱ्याला घर मिळवण्यासाठी कलम 132 खाली त्याची अट काटेकोर पुरी झालेली दाखवावी लागते. हा सगळा खल ‘निकालाची तारीख ग्राह्य धरावी’ या चार शब्दांनी मिटतो.

रजिस्टर करण्याबद्दल: निरोपात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, पण केलेली चांगली. सही आणि तारीख यांवर भांडणं कमी होतात. दोन साक्षीदार मात्र लागतातच. आणि अट घालणं कायदेशीर आहे, हेही खरं. पण नोंदणीनं अटीतली ढिलाई भरून निघत नाही. दुय्यम निबंधक तुमची अट टिकेल का, हे तपासून देत नाही. अशक्य अट (कायद्यातलं उदाहरण तासात शंभर मैल चालण्याचं आहे) किंवा बेकायदा अट घातली, तर कलम 126 आणि 127 प्रमाणे ती देणगीच रद्द होते, मग नोंदणी असो वा नसो. न जन्मलेल्या नातवंडांसाठी ‘जो आधी पदवीधर होईल त्याला’ असलं काही घालू नका. हक्क किती लांबवता येतो याला कलम 114 ची मर्यादा आहे. आणि वडिलोपार्जित घरात आजोबांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो.

मधल्या वर्षांतल्या भाड्याबद्दल निरोप गप्प आहे. वरचा मजला भाड्यानं दिलाय, नातू अजून शिकतोय. भाडं नातवाचं नाही. कलम 349 प्रमाणे अटीवर ठेवलेल्या विशिष्ट मालमत्तेचं मधलं उत्पन्न उरलेल्या इस्टेटीत जमा होतं. नातवाची फी त्या भाड्यातून भरावी असं आजोबांना वाटत असेल, तर तसं लिहावं.

मावशीकडच्या मसुद्यात ते एक वाक्य काढून आम्ही हे घातलं. तारखा आणि नाती आपापल्या घरानुसार बदला, आणि सहीआधी वकिलाला दाखवा:

“माझे वर वर्णन केलेले घर माझ्या नातवाने मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान तीन वर्षांची पदवी दि. 30 जून 2032 पर्यंत उत्तीर्ण केली तरच त्याला पूर्ण मालकीने मिळावे. माझ्या हयातीत उत्तीर्ण झाल्यास अट पुरी झाली असे समजावे. अंतिम निकालाची तारीख ग्राह्य धरावी. परीक्षा विद्यापीठाने पुढे ढकलल्यास किंवा नातवाच्या दीर्घ आजारपणामुळे खंड पडल्यास मुदत दोन वर्षांनी वाढावी. आजारपणाबाबत हे मृत्युपत्र अमलात आणणाऱ्या एक्झिक्युटरचा निर्णय अंतिम राहील. मुदतीत उत्तीर्ण न झाल्यास, अथवा त्याआधी मृत्यू पावल्यास, घर माझा मुलगा व दोन्ही मुली यांना समान हिश्श्यांनी मिळावे. तोपर्यंत घर एक्झिक्युटरच्या ताब्यात राहील, भाड्यातून घराचा कर, दुरुस्ती व नातवाची फी भागवावी आणि शिल्लक माझ्या पत्नीस द्यावी. माझ्या पत्नीस त्या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील.”

एक्झिक्युटर म्हणून नातवाचे वडील नेमू नका. अट मोडली तर त्यांना स्वतःच्या मुलाविरुद्ध आणि स्वतःच्या फायद्याचा निर्णय द्यावा लागेल. घराबाहेरचा, आजोबांपेक्षा वयानं लहान असा सज्ञान माणूस बघा आणि तो आधी गेला तर दुसरा कोण, तेही लिहा. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाचं प्रमाणपत्र. सोलापुरातल्या घराचं मृत्युपत्र सोलापुरातच केलेलं असेल, तर ते कधीच सक्तीचं नव्हतं, पण वाद दिसत असेल तर जिल्हा न्यायालयातून घेणं शहाणपणाचं. आणि आजोबा गेल्यावर मिळकत पत्रिकेवर घाईनं नातवाचं किंवा मुलाचं नाव लावायला सिटी सर्व्हेत धावू नका. त्या नोंदीनं मालकी ठरत नाही. पण चुकीच्या नोंदीवर कुणी घर विकायला काढलं, तर थांबवायला दावा लावावा लागतो.

हे सगळं हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू आहे. मुस्लिम कुटुंबांत वसीयतीचे नियम वेगळे आहेत. वारसांची संमती नसेल तर साधारण एक तृतीयांशाच्या वर वसीयत चालत नाही आणि अटींचा हिशोबही निराळा. ‘सगळ्या आजी-आजोबांना पाठवा’ म्हणणाऱ्यानं एवढं तरी विचारायला हवं होतं.