छोट्या दुकानात मॉलच्या युक्त्या

“दुकान छोटं असलं तरी मॉलची युक्ती वापरा. दूध-ब्रेड सगळ्यात मागे, नजरेसमोर सगळ्यात महाग माल, गल्ल्यावर चॉकलेटं, आणि दर महिन्याला मांडणी बदला. गिऱ्हाईक न ठरवलेलं घेतंच, खप हमखास वाढतो.”

दुकानदारांच्या ग्रुपवर फिरणारा हा सल्ला हजार चौरस फुटांच्या दुकानाला लावून पाहू.

मोठ्या सुपरमार्केटात गाडी लावून आत शिरलेला माणूस अर्ध्या लिटरसाठी शेवटच्या रांगेपर्यंत जातो. शिवाय माल उतरवायचं दार आणि कोल्ड रूम बहुधा मागेच असते, तेव्हा दूध तिथे असण्यात सगळी चलाखीच आहे असं नाही. आपल्याकडे सकाळी स्कूटर चालू ठेवून आत डोकावणारा माणूस दूध दिसलं नाही तर समोरच्या डेअरीत जातो. दुधाच्या पिशवीवर सुटतं ते नगण्यच. दूध ठेवायचं ते हा माणूस रोज दारात यावा म्हणून. त्यामुळे दुधाचा फ्रीज पुढेच हवा, आणि फ्रीजपासून गल्ल्यापर्यंतच्या चार पावलांत पाव, अंडी, बटर, चहापत्ती. मागे न्यायचं असेल तर तांदूळ, आटा आणि तेलाचे डबे न्या. महिन्याची यादी घेऊन आलेलं माणूस त्यासाठी आतपर्यंत जाणारच आणि जाता-येता दोन्ही बाजूंचे रॅक बघणार. फक्त वाटेत ऑफरच्या मालाचा ट्रे ठेवू नका. तीन फुटांच्या वाटेत मागून धक्का लागायला लागला की बायका हातातली वस्तू परत ठेवून पुढे सरकतात.

नजरेसमोरच्या फळीवर महाग माल लावला की खप कमी आणि जागा अडलेली, असंच बहुतेकदा होतं. त्या फळीसाठी विचारायचा प्रश्न एकच : इथून महिन्याला किती रुपये सुटतात? स्वतः पॅक केलेले शेंगदाणे, मसाले किंवा खोबरं यांवर कंपनीच्या मालापेक्षा सहसा जास्त सुटतं, आणि नेमका तोच माल आपण पायाशी ठेवतो, कारण वरच्या फळ्या सेल्समनने स्कीम देऊन भरलेल्या असतात. स्कीमचे पैसे जरूर घ्या, पण फळीच्या कमाईशी ताडून बघून.

आता गल्ला. जागेचा परिणाम होतो, यात वाद नाही. इंग्लंडने ऑक्टोबर 2022पासून दोन हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानांत दार, रॅकची टोकं आणि गल्ला या जागी जास्त साखर-चरबीचा ठरावीक माल मांडायला बंदी घातली, ती याचसाठी. पण परिणाम होणं वेगळं आणि पैसे सुटणं वेगळं. समजा, गल्ल्यावर आणल्यामुळे दहा रुपयांची चॉकलेटं रोज 35 ऐवजी 60 खपली. जादा विक्री अडीचशेची. दहा टक्के मार्जिन धरलं तर हातात पंचवीस रुपये. त्यात रोज दोन नग पोरांनी खिशात घातले किंवा उन्हाने मऊ पडले, तर अठरा रुपये गेले. उरले सात. तेही, ज्यांनी चॉकलेट घेतलं त्यांनी बिस्किटाचा पुडा सोडला नसेल तर. (सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवायची सोय यूपीआयने बरीचशी संपवलीच आहे.)

छोट्या दुकानात न ठरवलेली खरेदी मोहापेक्षा आठवणीने होते. एकादशीच्या दोन दिवस आधी रॅकच्या टोकाला साबुदाणा, भगर, शेंगदाणे, सैंधव आणि राजगिऱ्याचे लाडू एकत्र मांडून बघा. साबुदाण्यासाठी आलेल्या बाईंना घरातले दाणे संपल्याचं तिथेच आठवतं. एकादशी झाली की टोक रिकामं करायचं, नाहीतर आठवड्याने तिकडे कोणी बघतही नाही. गल्ल्यावरही हाच न्याय : काडेपेटी, कापूर, पेन्सिल सेल, सेफ्टी पिना, लिंबं. यांतलं काही वितळत नाही, आणि लिंबं सोडली तर नासतही नाही.

दर महिन्याच्या बदलाबद्दल थोडक्यात. पहिल्या आठवड्यात लोक शोधत हिंडतात म्हणून चार वस्तू जास्त जातात, पुढे आजोबा “इसबगोल कुठंय रे?” असं पोराला विचारून तेवढंच घेऊन निघतात. बदल करायचा तर एका वेळी एकाच रॅकचा. तुलना करताना 11 ते 24 तारखांची गाठ पुढच्या महिन्यातल्या त्याच तारखांशी घाला, मध्ये सण नको. पगाराच्या आठवड्याची महिनाअखेरीशी तुलना केली तर कुठलीही मांडणी यशस्वी ठरेल. बिलिंगमधून दोन आकडे काढा, बिलांची संख्या आणि सरासरी बिल. सरासरी वाढली पण बिलं घटली असतील, तर छोटी गिऱ्हाइकं तुटली असण्याची शक्यता जास्त. तासवार रिपोर्ट काढला की ती कुठल्या वेळची ते कळतं.