त्रेसष्टावा दिवस

वर्गातली कुठली पोरं परीक्षेला बसणार नाहीत, हे ठरवायचं काम सांगलीतल्या आमच्या कॉलेजात वर्गशिक्षकाकडं असतं. म्हणजे माझ्याकडं. कॅटलॉग एक्सेलमध्ये उतरवायचा, ७५ टक्क्यांखाली हजेरी असलेली नावं निवडून यादी काढायची आणि संध्याकाळपर्यंत बोर्डावर लावायची. हजर म्हणजे P, गैरहजर म्हणजे A. सूत्र सोपं:

```
=COUNTIF(D5:BN5,"P")/COLUMNS(D5:BN5)
```

D पासून BN पर्यंत ६३ रकाने, म्हणजे ६३ दिवस. यादी लावली आणि निवांत चहाला गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक वडील पोराला घेऊन हजर. फेटा, हातात बोर्डावरच्या यादीचा मोबाईलवर काढलेला फोटो. "सर, वर लिवलंय ७५ च्या खालची पोरं. खाली आमच्याम्होरं ७५ टक्केच लिवलंय की!"

बघतो तर खरंच. पोराचे ४७ दिवस. ४७ भागिले ६३ म्हणजे ७४.६०. पडद्यावर दशांश लपवलेले असले की एक्सेल ते ७५ दाखवतं, पण निवडताना मनात ७४.६०च धरतं. दाखवायचं एक, धरायचं एक. आमच्या हेडक्लार्कचाही हाच स्वभाव. मी दशांश उघडून दाखवले, ७५ टक्के म्हणजे सव्वासत्तेचाळीस दिवस, तेव्हा ४८ लागतात, असंही समजावलं.

"पाव दिवस कसा भरायचा सर?" म्हणत त्यांनी कॅटलॉग ओढला आणि शेतकरी वाफे बघतो तसे रकाने बघू लागले. एका रकान्यावर बोट थांबलं. वर तारीख, खाली पटभर एकही P नाही, एकही A नाही. पांढरं शेत.

"ह्या दिशी आयर्विन पुलापाशी पाणी चढलं हुतं. कलेक्टरनी सुट्टी दिलीवती."

आठवडाभराच्या तारखा आदल्या सोमवारीच टाकून ठेवायची माझी शिस्त. COLUMNS ला पूर कळत नाही, तो रकाने मोजतो. मुकाट्यानं भाजक बदलला:

```
=COUNTIF(D5:BN5,"P")/COUNTA(D5:BN5)
```

COUNTA भरलेलेच खण मोजतो. (मात्र एखाद्याचा A लिहायचा राहिला, तर तो दिवसच त्याच्या हिशेबातून गळतो. म्हणून आधी पूर्ण रिकामा रकाना आणि चुकून राहिलेला खण वेगळे काढावे लागले.) दिवस ६२ झाले. ४७ भागिले ६२, ७५.८१. पोरगं सुटलं, त्याच्याबरोबर ४७ वाले आणखी तिघं सुटले. वडिलांनी जाताना मला नमस्कार केला. मी शिकवलेला धडा मलाच परत मिळाल्यावर नमस्कार कसा घ्यायचा, तेवढं कळेना.

नवी यादी डकवून वळलो, तर मागं ४६ दिवसवाली एक पोरगी कॅल्क्युलेटर घेऊन उभी.

"सर, अजून एक दिवस बघा की सुट्टीचा. ६१ केलं की माझं ७५.४१ येतंय."