आजीचं इन्सुलिन आणि हॉस्टेल मेंटॉरचा अर्ज

«मॅडम, हॉस्टेल मेंटॉरच्या ‘अर्जात एक खरा प्रसंग लिहा’ असं तुम्ही सांगता, ते शहरातल्या मुलांना ठीक आहे. माझी मुलगी बार्शीहून पुण्यात आली. तिच्याकडे ना कुठलं पद, ना कार्यक्रमांचा अनुभव. माझ्या सासूबाईंना दोन वर्षं रोज इन्सुलिन तिनेच दिलं, पण ते काय अर्जात लिहिणार? आणि हॉस्टेलवरच्या मैत्रिणीचं दुखणं लिहून स्वतः जागा मिळवायची, हे मला पटत नाही. शेवटी ज्याला छान लिहिता येतं त्यालाच घेतात. — एक आई»

ताई, इन्सुलिनचंच लिहायचं. पुण्यातल्या एका निवासी विद्यापीठात मेंटॉर, म्हणजे हॉस्टेलच्या मजल्यावरच्या मुलींकडे लक्ष ठेवणारी विद्यार्थिनी, निवडताना अर्ज वाचणाऱ्यांत मी असते. सांस्कृतिक मंडळाच्या सेक्रेटरीपदापेक्षा ही दोन वर्षं मला कितीतरी जास्त सांगतात. फक्त ‘मी आजीची सेवा केली, त्यामुळे माझ्यात सेवाभाव आहे’ एवढ्यावर थांबू नका. सेवाभाव जवळजवळ प्रत्येक अर्जात असतो, पण रात्री दोन वाजता दार वाजलं तर कोण उठेल, हे त्यातून कळत नाही.

तुमच्या मुलीला समोर बसवून विचारा. डोस कुठे लिहून ठेवायचीस? आजी जेवायला नाही म्हणाली तर काय करायचीस? साखर उतरली तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं? तू घरी नसायचीस तेव्हा कोण द्यायचं, आणि त्यांना कुणी शिकवलं? ती जे सांगेल तेच लिहायचं. मी खाली एक नमुना देते. तो माझ्या कल्पनेतला आहे, तिच्या अर्जात प्रसंग आणि आकडे तिचेच हवेत.

«आजीला सकाळी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन द्यायचं काम माझ्याकडे होतं. साखरेचा आकडा आणि डोस मी वहीत लिहायचे. एका संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. मशीनवर साखर 58 आली. मी तिला साखरेचं पाणी दिलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि आकडा वर आल्यावर आई-बाबांना व डॉक्टरांना फोन केला. रात्रीचा डोस किती द्यायचा ते मी ठरवलं नाही, डॉक्टरांना विचारलं. बारावीच्या परीक्षेआधी शेजारच्या काकूंना वही दाखवली आणि सुई कशी द्यायची ते माझ्यासमोर दोनदा करून घेतलं.»

यात ‘काळजी’ हा शब्द एकदाही आलेला नाही. घाम आणि थरथर तिच्या लक्षात आली, त्यातच काळजी दिसते. भरवशाचं म्हणाल, तर तो वहीत दिसतो आणि त्याहून जास्त काकूंना शिकवण्यात. स्वतः हजर नसतानाही काम अडू नये याची सोय जी करते, ती मजला सांभाळू शकेल असं आम्हाला वाटतं.

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचं वाक्य डोसचं आहे. मेंटॉर म्हणजे डॉक्टर नव्हे, समुपदेशकही नव्हे, आणि ही सीमा ओळखणारी मुलगी आम्हाला हवी असते. ‘मला सांगितलेलं कुणालाच कळत नाही’ असं अभिमानाने लिहिणारे अर्ज दरवर्षी येतात, आणि तिथेच मला धास्ती वाटते. समजा, एखादी मुलगी रात्री येऊन म्हणाली, ‘मला जगावंसं वाटत नाही, पण कुणाला सांगू नकोस’, तर मेंटॉरने काय करायचं? ‘नाही सांगणार’ असं वचन द्यायचंच नाही. तुझं बोलणं मी मजल्यावर पसरवणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर रेक्टर मॅडमना सांगणार, आणि सांगण्याआधी तुला सांगणार, एवढं शांतपणे म्हणायचं. तिला एकटी सोडायचं नाही, त्याच रात्री रेक्टरना उठवायचं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर जवळ असावा, पण नंबर हातात देऊन आपलं काम संपत नाही. रॅगिंगचंही तसंच. 2009 च्या यूजीसी नियमांनी कारवाईची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. मेंटॉरने ती गोष्ट दोघींत समेट घडवून दाबून ठेवायची नसते.

आता मैत्रिणीचं दुखणं. तुमचं खटकणं अगदी रास्त आहे आणि मुलीला हे घरून कळलंय याचा मला आनंद आहे. मैत्रिणीची गोष्ट मैत्रिणीचीच असते. अर्ज वाचणाऱ्यांत बऱ्याचदा त्याच हॉस्टेलच्या रेक्टर असतात. ‘दुसऱ्या मजल्यावरची नांदेडची, कॉम्प्युटरची मुलगी’ एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच झालं. म्हणून गाव, शाखा, खोली आणि मुख्य म्हणजे दुखण्याचं कारण गाळायचं. आपण काय केलं तेवढं ठेवायचं: «आमच्या मजल्यावरची एकजण काही दिवस मेसला येत नव्हती. मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिची तयारी झाल्यावर रेक्टरांकडे सोबत गेले. पुढचे पंधरा दिवस रात्रीच्या जेवणाला तिला हाक मारायला जात राहिले.» का येत नव्हती हे वाचणाऱ्याला कळायची गरजच नाही. एवढंही लिहिण्याआधी तिला विचारावं, आणि ती क्षणभर जरी घुटमळली तरी तो प्रसंग सोडून द्यावा. तुमच्या मुलीकडे आजीचा प्रसंग आहेच. तोही आजींना विचारून लिहिला तर उत्तम.

छान लिहिणाऱ्यांबद्दल सांगते. अर्जावरून आम्ही मुलाखतीला बोलावतो, जागा मुलाखतीनंतर ठरते. तिथे मी बहुतेक वेळा एकच विचारते: ‘मग पुढे काय झालं?’ खऱ्या प्रसंगाला पुढचा दिवस असतो. औषध संपलेलं असतं, कुणी रागावलेलं असतं, एखादी गोष्ट जमलेलीच नसते. उसना प्रसंग मात्र टाळ्यांपाशी संपतो. तिच्या मराठी वळणाच्या इंग्रजीची चिंता करू नका. वाक्यं छोटी ठेवली की पुरे.

स्टुडंट अँबॅसॅडरसाठीही ती अर्ज करणार असेल तर हाच मजकूर तिथे चिकटवू नये. तिथे नव्या मुलांना आणि पालकांना कॅम्पस दाखवायचा असतो, आणि पालक फी, मेस, संध्याकाळी परत यायच्या वेळा यांबद्दल थेट विचारतात. माहीत नसलेलं ठोकून न देता ‘विचारून सांगते’ म्हणणं आणि खरंच फोन करणं, असा एखादा प्रसंग तिथे शोभेल.

एक गोष्ट मात्र तिने अर्ज लिहिण्याआधीच बघावी. मेंटॉरची खरी गरज सुट्ट्यांत आणि परीक्षांत लागते. गणपती, दिवाळीला हॉस्टेल अर्धं रिकामं होतं आणि जाऊ न शकलेल्या मुली मागे राहतात. विसर्जनाच्या दिवशी मध्य पुण्यातले रस्ते बंद असतात, रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर कोणत्या वाटेने, हे आधी ठाऊक असावं लागतं. तुम्हाला ती दिवाळीला घरी हवी असेल तर तसं आत्ताच ठरवा आणि अर्जात सरळ लिहू द्या: «दिवाळीचे चार दिवस मी बार्शीला असेन, गणपतीत मात्र पूर्ण वेळ हॉस्टेलवर थांबेन.» ‘मी चोवीस तास उपलब्ध आहे’ या वाक्यापेक्षा आम्ही याच्यावर विश्वास ठेवतो, कारण ड्युटीचा तक्ता त्यावरून लावता येतो. तिने कच्चा मसुदा लिहिला की इथेच कळवा, मी वाचेन.