डबल मजूर लावतो, साहेब!

तालुक्याच्या गावी प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघाली आहे, मुलाखत सोमवारी अकराला आहे, आणि तुम्ही चुलत्याच्या लग्नातला ब्लेझर इस्त्रीला टाकला आहे. म्हणजे निम्मी तयारी झालीच. उरलेल्या निम्म्या तयारीसाठी हा लेख. मी अशा मुलाखतींत टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, आणि नापास होण्याच्या पद्धती मला पास होण्यापेक्षा जास्त येतात.

हमखास विचारला जाणारा प्रश्न असा असतो. गावाची नळयोजना आहे. आज 1 मार्च. पाणी 31 मेपर्यंत सुरू करायचं आहे, म्हणजे हातात 13 आठवडे. उंच टाकीचं काम अजून 14 आठवड्यांचं. त्यानंतर टाकी भरून गळती बघायला 2 आठवडे, मग गावातल्या लाइनची तपासणी आणखी 2. एकूण 18. पाइपलाइनचं खोदकाम 8 आठवड्यांचं आणि पंपाची वीजजोडणीही 8 आठवड्यांची, पण ती टाकीच्या बरोबरीनं चालू आहेत. काम 5 आठवडे मागे आहे. काय कराल?

खुर्चीत पुढे सरका आणि ठणकावून सांगा, "डबल मजूर लावतो, साहेब!"

या उत्तराचं सौंदर्य असं की ते लगेच अमलात आणता येतं. दुसऱ्याच दिवशी गल्लोगल्ली टिकाव-फावडी दिसतात, फोटो निघतात, ग्रुपवर अंगठे येतात. 8 आठवड्यांची पाइपलाइन 4 आठवड्यांत होते. मग ते पाइप टाकीकडे तोंड करून उरलेले 10 आठवडे पडून राहतात, आणि पाणी त्याच 18 आठवड्यांनी, 5 जुलैलाच येतं. कारण उशीर पाइपलाइनमुळे नव्हताच. तिच्या गाठीशी 6 आठवड्यांची सवड होती. पण हे तुम्ही मुलाखतीत बोलू नका. "आधी कुठल्या कामामुळे शेवटची तारीख हलतेय ते बघतो" असं म्हणणारा उमेदवार कामचुकार वाटतो.

आमच्याकडे एक मुलगी आली होती, वर्ध्याकडची. तिनं नेमकं हेच केलं. कागद मागितला, तीन आडव्या रेघा ओढल्या आणि टाकीच्या रेघेवर पेन ठेवून विचारलं, "टाकीचं शटरिंग किती सेट आहे?"

निवृत्त इंजिनिअर साहेबांनी चष्मा वर केला. "एकच."

"मग खालच्या बीमचे टेकू निघेपर्यंत वरचा टप्पा थांबतो. काँक्रीटला जे दिवस पाणी मारायचं ते मारावंच लागेल, तिथे मजूर वाढवून काही होत नाही. पण दुसरा सेट भाड्यानं आणला तर थांबणं वाचेल."

साहेबांनी बोटं मोजली. "तीन आठवडे वाचतील."

"आणि लाइनची तपासणी टाकीसाठी कशाला थांबवायची? तात्पुरती जोडणी करून पंपातून थेट लाइनमध्ये पाणी सोडू. टाकीची गळती बघतो त्याच वेळी लाइनची गळतीही कळेल. दोन आठवडे तिथे."

18 मधून 5 गेले, राहिले 13. इथे थांबली असती तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. पण तिनं स्वतःच्याच उत्तरात खोट काढली. तारीख गाठली, पण वीजजोडणीची 6 आठवड्यांची सवड आता 3 वर आली, म्हणून मीटरचा पाठपुरावा आजपासून करावा लागेल. शिवाय शटरिंगच्या भाड्याला मंजुरी कोण देणार, तेही विचारलं. असं कधी करू नका. मुलाखतीत पैशांचा विषय काढायचा तो फक्त पगाराचा.

आता स्कोपचा प्रश्न. सरपंच म्हणतात, टेकडावरच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, 40 घरंही याच योजनेत घ्या. तुमचं उत्तर: "होऊन जाते, भाऊ." या तीन शब्दांवर विदर्भातली कितीतरी कामं उभी आहेत, म्हणजे अर्धवट उभी आहेत. नाही म्हणू नका, कारण पोडावरच्या बायकांना पाणी मिळायलाच हवं. आणि हो म्हणताना टाकीची उंची विचारू नका. टाकी गावच्या घरांसाठी धरलेली, पोड त्याहून वर. पाइप नेला, नळ बसवले, तोटी उघडली की फुस्स अशी हवा येते. त्या हवेचाही एक आवाज असतो, मी ऐकला आहे. माझ्या पहिल्या कामात मीच "होऊन जाते" म्हणालो होतो. ती मुलगी म्हणाली, मागणी लिहून घेईन, वेगळा पंप लागेल का हे बघेन, वेळ आणि खर्च मांडून ठरवणाऱ्यांपुढे ठेवेन, आणि तोवर गावचं काम थांबवणार नाही. किती रुक्ष!

जोखमीबद्दल विचारलं तर "पाऊस येऊ शकतो" म्हणा. विदर्भात जूनमध्ये पाऊस येणं ही जोखीम नव्हे, पंचांग आहे, पण यादीत एक ओळ भरते. "15 मेपर्यंत काळ्या मातीतला पट्टा बुजला नाही, तर चर ढासळतील आणि ट्रॅक्टर शेतात शिरणार नाही, म्हणून तो पट्टा आधी, गल्ल्या नंतर" असं बोलायला लागलात तर मुलाखत लांबते. मागच्या उमेदवारांना एसटी गाठायची असते.

शेवटी भांडणाचा प्रश्न येतो. एक कास्तकार शेतातून मुख्य पाइप जाऊ देत नाही. इथे "दोन्ही बाजूंना विश्वासात घेतो" हे वाक्य पाठ करून जा. कोणाला, कशाबद्दल, हे कुणी विचारत नाही. फार तर चहाचा उल्लेख करा. त्या बुढ्याच्या धुऱ्यावर जाऊन बसायची गरज नाही. मी एकदा बसलो होतो आणि चूक झाली, कारण तो नकार नव्हताच.

"पाइप जाऊ द्या न भाऊ," तो म्हणाला. "पण तुमी फूटभर खोदता, माया नांगर लागला का पाइप फुटते, अन् नाव मायं. वरून माती खाली अन् मुरूम वर करून जाता. मंग मी का मुरमात पऱ्हाटी लावू?"

तीन फूट खोल आणि वरची माती वेगळी ठेवून परत वर. एवढंच होतं. त्यासाठी आधी दोन महिने आमच्या कार्यालयातून पत्रं गेली होती.

मुलाखत संपताना "तुम्हाला काही विचारायचं आहे का?" असं म्हणतात. तुम्ही डिझेल भत्ता विचारा. त्या मुलीला मॅडमनी विचारलं, रुजू कधी होता? ती पर्स उचलत म्हणाली, "आधी ते दुसरं शटरिंग कुठं मिळेल ते सांगा. आज सोमवार आहे, परवापर्यंत भाड्यानं घ्यावं लागेल."