धरलेल्या मानेला झटका देऊ नका

मोबाइलवर फिरणारा निरोप: "सकाळी उठल्यावर मान धरली म्हणजे शिरेवर शीर चढली. जाणत्या माणसाकडून लगेच झटका देऊन मोडून घ्या. नाहीतर गळ्यात पट्टा बांधून आठ दिवस मान हलवू नका. उशी कायमची सोडा. एक्सरे काढा, मणका झिजलेला निघणारच."

आधी शिरेचं बघू. मानेतल्या शिरा आणि नसा एकमेकींवर चढत नाहीत. मणक्यांच्या मागे दोन्ही बाजूंना छोटे छोटे सांधे असतात. झोपेत मान फार वेळ एकीकडे कलून राहिली की त्यातला एखादा सांधा किंवा जवळचा स्नायू दुखावतो आणि त्याला जपायला आजूबाजूचे स्नायू आवळून बसतात. खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्यापासून मानेपर्यंत जाणारा स्नायू तर दोरीसारखा ताठ हाताला लागतो. तीच ती "चढलेली शीर". डोकं बहुधा दुखऱ्या बाजूपासून लांब कलतं. मूळ दुखणं सांध्यात आहे की स्नायूत, हे बऱ्याचदा नक्की सांगता येत नाही, पण दोन्हीचा उपचार एकच. बहुतेकांची मान दोन-तीन दिवसांत सैल होते आणि आठवड्याभरात मोकळी होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि या निरोपातली मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती झटक्याची. बेळगावपासून खानापूर, निपाणीपर्यंत केस कापून झाल्यावर डोकं धरून मान कडकन वळवणारी सलूनं आहेत, आणि गावोगावी "जाणते"ही आहेत. तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा झाल्याने येतो. काहीही "जागेवर" बसल्याचा तो पुरावा नव्हे. घटकाभर हलकं वाटतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मान आपसूक सुटणारच असते, आणि श्रेय झटक्याला मिळतं. पण मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांमधून दोन रक्तवाहिन्या मेंदूच्या मागच्या भागाकडे जातात. जोराच्या झटक्याने त्यांचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि लकवा येऊ शकतो. हे क्वचित घडतं, पण तरुण माणसांतही घडतं. आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी एवढी जोखीम कशाला घ्यायची? अंगावर कापड टाकण्याआधीच सांगा, मानेला हात लावू नका म्हणून. आणि कुणी मोडून घेतलीच, आणि मग चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, चालताना तोल जाणं किंवा कधी नव्हे अशी डोकेदुखी सुरू झाली, तर उद्याची वाट बघू नका. त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात न्या.

पट्ट्याचा सल्ला झटक्याइतका घातक नाही, पण त्यानं दुखणं लांबतं. बांधून ठेवलेल्या मानेचे स्नायू सैल व्हायचे सोडून जास्तच आखडतात. निपाणीच्या एका विडी वळणाऱ्या मावशींचं सांगते. सौंदत्तीच्या यात्रेहून रात्री टेम्पोतून परतताना त्या मान डावीकडे टाकून झोपल्या. सकाळी डोकं डावीकडे कललेलं, उजवीकडे तर तसूभर वळेना. "मान फिरंना झालीया बघा, पट्टा द्या," म्हणत आल्या. पट्टा दिला नाही.

पहिल्या दिवशी त्यांना आधी अंथरुणातून उठायला शिकवलं. उताणं असताना सरळ डोकं उचललं की कळ येते. म्हणून कुशीवर वळायचं, एक तळवा डोक्याखाली धरायचा, पाय खाली सोडायचे आणि दुसऱ्या हाताने रेटा देत उठायचं. मग शेक. जाडं मीठ तव्यावर गरम करून सुती कापडात बांधायचं, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून चटका बसत नाही ना बघायचं आणि पंधरा-वीस मिनिटं शेकायचं, दिवसातून तीन-चार वेळा. बाम चोळलेल्या जागेवर शेक द्यायचा नाही, कातडी भाजते. जोरात रगडायचंही नाही.

शेकानंतर उशीवर उताणं पडून डोकं न उचलता हळूच लोळवायचं. आधी सोप्या, म्हणजे डाव्या बाजूला, मग मध्ये, मग उजवीकडे, ओढ सुरू होईल तिथपर्यंतच. कळ सोसून पुढे जायचं नाही. पाच-सहा वेळा, दर दोन तासांनी. उशीवर डोक्याचं वजन मानेवर येत नाही, म्हणून बसून वळेना ती मान पडून थोडी वळते. दुखणं फार असल्याने ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल जेवणानंतर, सहा तासांच्या अंतराने, दिवसाला चारच्या वर नाही. यकृताचा आजार असेल तर तीही डॉक्टरांना विचारूनच. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पोटात अल्सर, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारं औषध किंवा गरोदरपण असताना आपल्या मनाने घेऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी हेच बसून करायला लावलं, आणि एक भर घातली. दोन बोटं उजव्या कानशिलावर ठेवायची, डोक्याने त्यांच्यावर अगदी हलका दाब द्यायचा, बोटांनी डोकं हलू द्यायचं नाही. पाच आकडे मोजायचे, सैल सोडायचं, मग उजवीकडे वळून बघायचं. दर वेळी नजर किंचित पुढे सरकते. तिसऱ्या दिवशी त्यांना उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत दिसू लागलं. तेव्हा हनुवटी डाव्या काखेकडे नेऊन वीस सेकंद थांबायचा ताण सुरू केला. चौथ्या दिवशी त्या कामाला बसल्या, पण सूप मांडीवर न ठेवता खाली पाट घालून उंच केलं, आणि तासाभराने उठून खांदे मागे ओढायचे ठरवलं. विडीची पानं कापताना मान दिवसभर खाली असते. तिथेच दुखणं परत येतं. आठवड्याच्या आत मान पूर्ण वळू लागली. तोवर गाडी मात्र कुणीच चालवू नये. मागून येणारी ट्रक बघायला मान वळत नसेल तर रस्त्यावर जाणं धोक्याचं आहे.

उशी सोडायचं कारण नाही. कुशीवर झोपणाऱ्याची उशी गेली की डोकं रात्रभर खाली लोंबतं, म्हणजे ज्याने मान धरली तेच पुन्हा. कान आणि खांद्यामधली जागा भरेल एवढी एक उशी पुरे. दोन उशा नकोत, पालथं झोपणं नको.

एक्सरेत आवळलेला स्नायू दिसत नाही. चाळिशीनंतर काहीच न दुखणाऱ्यांच्याही मणक्यांत झीज दिसते. मग तो कागद हातात घेऊन माणूस वर्षानुवर्षं मान वळवायला घाबरतो, आणि त्या धास्तीनेच ती जास्त आखडते. मार लागला नसेल तर पहिल्या आठवड्यात एक्सरे लागत नाही.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतर मान धरली, तर मात्र ती न हलवता दवाखाना गाठायचा. तापासोबत डोकं दुखतंय आणि हनुवटी छातीला टेकत नाही, हातातला जोर गेलाय किंवा मुंग्या थांबत नाहीत, चालताना पाय अडखळतात, लघवीवर ताबा राहिलेला नाही, लहान मुलाला ताप आहे आणि थुंकीही गिळता येत नाही, तेव्हाही घरगुती शेक नको. आणि एक गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. उलटी थांबवणाऱ्या काही गोळ्या किंवा इंजेक्शनं, जशी मेटोक्लोप्रमाइड, घेतल्यावर काही तासांत ते एक-दोन दिवसांत मान एकीकडे पिळली जाते, जबडा वाकडा होतो, डोळे वर चढतात. घरचे घाबरतात, कुणी बाहेरची बाधाही म्हणतं. योग्य इंजेक्शन मिळालं की बहुधा थोड्याच वेळात मान सुटते. डॉक्टरांकडे जाताना त्या गोळीचं पाकीट सोबत न्या.