आधी प्रश्न, मग आकडा

«भाऊ, मुलीच्या लग्नासाठी स्टेजच्या डेकोरेशनचा भाव विचारला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर सहा प्रश्न आले. भाजीवाला भाव सांगायच्या आधी आपल्याला प्रश्न विचारतो का? आणि बजेट विचारता म्हणजे खिसा बघूनच रेट लावणार ना?»

ताई, राग समजला. पूर्वी मीही फोटो बघून लगेच आकडा सांगायचो. एकदा वर्धा रोडवरच्या लॉनचं काम असंच साठ हजारांत धरलं. नंतर कळलं, त्याच लॉनवर सकाळी दुसऱ्यांचा कार्यक्रम, आम्हाला ताबा दुपारी दोनला, आणि मुहूर्त गोरज. चार तासांत स्टेज, गेट, पॅसेज उभं करायचं म्हणजे सहाच्या जागी बारा पोरं लागली, दुसरा टेम्पो लागला, आणि कापडाच्या फ्रेम आदल्या रात्री गोदामातच बांधून ठेवाव्या लागल्या. साडेअकरा हजार वाढले. मुलीचे वडील म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलं?" बरोबरच होतं त्यांचं. अर्धे मी सोसले.

म्हणून सहातला माझा सगळ्यात लाडका प्रश्न हाच: "हॉल किंवा लॉन किती वाजता ताब्यात मिळणार?" बहुतेकांना उत्तर माहीत नसतं. मग ते लॉनवाल्याला विचारतात, आणि बाहेरचा डेकोरेटर चालतो की नाही, त्याचे वेगळे पैसे लागतात का, हेही तिथेच कळतं. नाही चालत म्हणाले तर मी आकडा काढतच नाही, तसं लगेच कळवतो.

तारीख मात्र सगळ्यात आधी विचारतो. ती आमच्याकडे आधीच बुक झालेली असेल तर पुढचे पाच प्रश्न विचारून कोणाला कशाला गुंतवून ठेवायचं?

आता बजेट. तुमची शंका अगदी रास्त आहे, काही लोक तसं करतातही. आमच्याकडे चौकट, कापड, लाईट, मजुरी यांचा दर ठरलेला आहे. बजेटवरून बदलतात ती फुलं. फोटोतला पांढरा गुलाब खरा हवा तर एक हिशोब, मागच्या भिंतीला कृत्रिम आणि जोडप्याच्या खुर्चीजवळ, जिथे कॅमेरा जवळ येतो तिथे खरा, तर दुसरा. हे दोन्ही आकडे मी समोरासमोर लिहून देतो. 'अजून ठरलं नाही' हा पर्यायही ठेवलाय, आणि तो निवडला म्हणून कोणाला मागे ढकलत नाही.

एक चूक मात्र माझीच. सहा प्रश्न एकदम पाठवले की फॉर्म भरायला लावल्यासारखं वाटतं. आता एकेक करून विचारतो. वडीलधाऱ्यांना टायपिंग जमत नसेल तर व्हॉइस मेसेज चालतो, नाहीतर मी फोन करून स्वतः भरून घेतो.

तुमची तारीख आणि लॉनचं नाव तेवढं मला चॅटवर पाठवा, इथे नको. ताबा किती वाजता ते लॉनवाल्याला मीच विचारतो.